हुरड्याला मुक्कामी पाहुणे: बारा माणसं, एक रात्र

प्रश्न: शिरूर तालुक्यात आमची साडेचार एकर बागायत आहे. वस्तीवर तीन खोल्या नव्याने बांधल्यात, दोन संडास-बाथरूम आहेत, दोन गाई, एक बैलजोडी आहे. यंदा हुरड्याच्या दिवसांत पुण्या-मुंबईची कुटुंबं एक रात्र मुक्कामी बोलवायची आहेत. एका वेळी वीस-पंचवीस माणसं घेतली तर जमेल का? एसी, स्विमिंग पूल काही नाही. त्यांना आधी काय सांगायचं आणि दिवसभर काय करायला द्यायचं?

उत्तर:

वीस-पंचवीस दिवसभराच्या हुरड्याला जमतील, मुक्कामाला नाही. तुमच्याकडे मुक्कामाला बारा, म्हणजे तीन कुटुंबं. हा आकडा खाटांवरून काढलेला नाही, सकाळच्या आंघोळींवरून काढलाय. दोन बाथरूम, शहरी माणसाला आत पंधरा-वीस मिनिटं लागतात. बारा जणांना दोन तास पुरतात. सहाला सुरुवात केली तर आठला सगळे मोकळे. तेच चोवीस जण असतील तर शेवटचा माणूस दहाला बाहेर येणार, तोवर नाश्ता गार, बैल उन्हात आणि घरातली बाई सकाळपासून उभी. नंतरच्या तक्रारी पाहिल्या तर बहुतेकांचं मूळ याच दोन तासांत सापडतं. ‘सोय नव्हती’ असं म्हणतात, पण असायची ती रांग.

आधी पाणी मोजा. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटरचा हिशोब धरतात आणि पाहुणे सवय तीच घेऊन येतात. बारा जणांचे साधारण १,६००, वर स्वयंपाक, भांडी, धुणं-पुसणं मिळून २,००० लिटर धरा. आता खरी गोची अशी की तुमची मोटर थ्री फेजवर, आणि शेतीची थ्री फेज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाहुण्यांच्या शनिवारी पाळी रात्रीची आली तर दिवसभर टाकीत आहे तेवढंच पाणी. म्हणून एक २,००० आणि एक १,००० लिटरची अशा दोन टाक्या ठेवा. छोटीचा व्हॉल्व्ह बंदच असू द्या. मोठी संपली की ती उघडायची. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही भरल्यात का हे शिडी चढून डोळ्याने बघा. प्यायचं पाणी वेगळं: गावातल्या आरओचे जार आणा किंवा उकळून गार केलेलं द्या. बोअरचं पाणी तुम्हाला पचतं, सहा वर्षांच्या शहरी पोराला पचेलच असं नाही.

गरम पाण्याला बंब उत्तम, पाहुण्यांना त्याचं कौतुकही असतं. पण त्याचं गणित आधी मांडून ठेवा. जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी १७-१८ अंशांवर असतं. कोमट बादली म्हणजे १८ लिटर पाणी चाळीसेक अंशांवर. त्यात बंबाचं कडक पाणी साडेसहा लिटर, बाकी थंड. बारा बादल्यांना ७८ लिटर झाले, केस धुणाऱ्यांचे धरून शंभर. पंचवीस लिटरचा बंब असेल तर चार भरण्या. पहिली तापायला अर्धा तास, पुढच्या वीस-वीस मिनिटांत. म्हणजे साडेपाचला जाळ पेटलाच पाहिजे आणि एक माणूस आठपर्यंत बंबापाशीच हवा. जाळ चालू असताना पाणी खाली जाऊ देऊ नका, बंबाचा डाक निघतो. बंबाऐवजी गॅस गीझर बसवणार असाल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्यावर बसवा. खिडकी बंद केलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझरने कार्बन मोनॉक्साइड साठतो; त्याला वास नसतो आणि आतल्या माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. हे नुसतं सावधगिरीचं वाक्य नाही, अशाने माणसं मेलेली आहेत.

दोनपैकी एका संडासात कमोड हवाच. कुटुंबात आजी-आजोबा असतात आणि गुडघ्यांनी हात टेकलेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही. फक्त तेवढ्यासाठी एखादं कुटुंब रात्रीच परत जातं. कमोडच्या बाजूला भिंतीत एक पकडायची दांडी ठोका. टाकी सेप्टिकची असेल तर साफसफाईला ॲसिड आणि फिनेलचा मारा करू नका, आतले जिवाणू मेले की टाकीतलं कुजणं थांबतं आणि वास खोल्यांपर्यंत येतो. दांडीजवळ झाकणाची बादली ठेवा आणि दारावर मराठीत लिहा की सॅनिटरी पॅड, डायपर यात टाका. हे लिहिलं नाही तर पहिल्याच महिन्यात पाइप तुंबतो.

आता सांगायचं काय. फोनवर सगळे ‘हो हो, आम्हाला साधंच आवडतं’ म्हणतात, त्यावर विसंबू नका. पैसे घेण्याआधी हा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘वाचलं’ असं उत्तर आल्यावरच तारीख पक्की करा:

“खोल्यांत पंखा आहे, एसी नाही. जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो. दोन गोधड्या देतो, स्वेटर-कानटोपी तुमची आणा. संडास-बाथरूम खोल्यांच्या बाहेर, पंधरा पावलांवर, दिवा आहे. आंघोळीला बादलीभर गरम पाणी, शॉवर नाही. वीज जाते, दिवे आणि मोबाइल चार्जिंगपुरता इन्व्हर्टर आहे. गोठा जवळ आहे, शेणाचा वास आणि माश्या असतात. पहाटे देवळाचा भोंगा आणि कोंबडा ऐकू येतो. जेवण शाकाहारी, चुलीवरचं. लहान मुलांचं बिनतिखट वेगळं करतो, आधी सांगा. हा भाग बिबट्यांचा आहे; अंधार पडल्यावर आवाराबाहेर जायचं नाही. दारू आणि स्पीकर चालणार नाही. हुरडा शेतातला, ज्या दिवशी जेवढा तयार तेवढा.”

हा मजकूर वाचून दहातली तीन-चार कुटुंबं गळतील. गळू द्या, ती येऊन नाराज होणारीच होती. बिबट्याचं वाक्य मात्र काढून टाकायचा मोह होईल, काढू नका. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड हा उसातल्या बिबट्यांचा पट्टा आहे हे पुण्याच्या वर्तमानपत्रांत येतंच. तुम्ही लपवलं आणि गावातल्या कुणी रात्री सहज सांगितलं तर रात्रभर कुणी झोपत नाही. आवाराला जाळीचं कुंपण, संडासाच्या वाटेवर रात्रभर जळणारा दिवा, आणि दिवेलागणीनंतर पोरं मोठ्यांच्या नजरेसमोर, एवढं काटेकोर पाळा. ‘नाइट वॉक’ नावाचा प्रकार कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. घोणस थंडीतही हिंडते, म्हणून कडब्याच्या गंजीपाशी आणि पाचटात अनवाणी पोरं नकोत. सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे हंगामाआधी स्वतः जाऊन विचारा आणि तो नंबर १०८ च्या शेजारी भिंतीवर लिहा.

आता ज्यासाठी माणसं येणार तो हुरडा. इथे सगळ्यात मोठी चूक पेरणीच्या दिवशीच होते: सगळं रान एकदम पेरलं जातं. एका पेऱ्याचा हुरडा खाण्याजोगा राहतो जेमतेम आठवडाभर. नंतर दाणा निबर होतो आणि तुम्ही पुढच्या शनिवारच्या पाहुण्यांसाठी शेजाऱ्याकडे कणसं शोधत फिरता. म्हणून दोन-दोन गुंठ्यांचे चार पेरे करा, दहा-दहा दिवसांच्या अंतराने: २० सप्टेंबर, ३० सप्टेंबर, १० ऑक्टोबर, २० ऑक्टोबर. हुरड्याला साधारण ९५ दिवस धरले तर पहिला पेरा २४ डिसेंबरच्या आसपास लागतो, मग ३ जानेवारी, १३ जानेवारी आणि २३ जानेवारी. थंडी कडक पडली तर मागचे पेरे आठवडाभर लांबतात, तेवढी ढील ठेवा. बियाण्यात गावरान सुरती, गुळभेंडी गोड आहेत. राहुरी कृषी विद्यापीठाच्या फुले उत्तरा आणि फुले मधुर या खास हुरड्याच्या जाती आहेत, त्यांचा दाणा बोंडातून सहज सुटतो. मालदांडीचा हुरडा होतो, पण चोळताना कुसं आणि बोंडं बरोबर येतात, शहरी घशाला ती टोचतात. निसवल्यानंतर या वाफ्यांवर कसलीही फवारणी नाही, आणि शेजारच्या कांद्यावर फवारणी असेल त्या दिवशी वाऱ्याची दिशा बघा.

बारा जणांना किती लागतो? माणशी दोनशे ग्रॅम म्हणजे २.४ किलो. चांगलं कणीस सत्तर-ऐंशी ग्रॅम देतं, म्हणजे पस्तीस कणसं. जळणारी, कच्ची निघणारी, पोरांनी मातीत सांडलेली धरून पन्नास काढा. खुडायची त्याच सकाळी. आदल्या दिवशीच्या कणसाची गोडी उतरलेली असते. कणीस तयार आहे का हे नखाने कळतं. दाणा दाबल्यावर पातळ दूध उडालं तर कोवळा. मऊ, हिरवट, कणकेसारखा दबला आणि दुधाचा नुसता ओलावा आला तर नेमका. दाणा चकाकायला लागला आणि नख रुतत नसेल तर गेला.

आगटी हातभर रुंद आणि वीतभर खोल पुरते. पंधरा-वीस गोवऱ्या पाऊण तास आधी पेटवा. पाहुणे आले की पेटवायची घाई करतात आणि मग जाळावर भाजतात. वरून काळा, आतून कच्चा, आणि धुराचा वास. ज्वाला पूर्ण बसून वर राख धरली की कणसं तिच्यात खुपसायची, फिरवत तीन-चार मिनिटं. हिरवा वास जाऊन खमंग वास सुटला की काढून लगेच चोळायची. गार झालेलं कणीस सुटत नाही. चोळणं उघड्या तळहातांवर होतं ते तुमच्या, पाहुण्यांच्या नाही. मुलांना गोणपाटाच्या तुकड्यात कणीस गुंडाळून द्या आणि वरून काठीने हलके ठोकू द्या, त्यांना तेच जास्त आवडतं. आगटीपाशी दोन माणसं कायम हवीत, एक भाजायला आणि एक पोरांना राखेपासून मागे सारायला. बरोबर शेंगदाण्याची, जवसाची, लसणाची चटणी, दही, गूळ, गोडी शेव. हुरडा अकरा ते एक ठेवा आणि जेवण तीनच्या आत वाढू नका. हुरडा पोटात फुगतो. एक वाजता भरलं ताट पुढे ठेवलं तर अर्धं उकिरड्यावर जातं आणि रात्री पोटदुखीच्या तक्रारी येतात.

चुलीवरच्या भाकरीचं आश्वासन देताना तव्याचा वेग लक्षात ठेवा. एका तव्यावर भाकरीला तीन मिनिटं. एक भाजते तोवर दुसरी थापली जाते. बारा पाहुणे, माणशी अडीच, म्हणजे तीस भाकरी, पीठ तीन किलो, एका चुलीवर दीड तास. सगळ्यांना एकदम गरम मिळणारच नाही. दोन चुली, दोन बायका, आणि पंगत दोन फेऱ्यांत: आधी मुलं आणि म्हातारी माणसं, मग बाकीचे. घरच्या बाईला एकटीला चुलीपुढे बसवून कृषी पर्यटन केंद्र चालत नाही. दुसऱ्या बाईची मजुरी पहिल्या दिवसापासून दरात धरा, आणि घरच्या बाईचीही.

दिवसभर काय करायला द्यायचं याचं माझं उत्तर आहे: तुमच्या मनात असेल त्याच्या निम्मं. पाहुणे शनिवारी साडेदहाला येतात. घरून सातला निघा असं बजावून सांगा, नंतर वाघोली-शिक्रापूरच्या गर्दीत तास जातो. हुरडा आणि जेवण यात साडेतीन वाजतात. मग दीड तास काहीच ठेवू नका. झाडाखाली बाजा टाका. पोरं वीस मिनिटं कुरकुरतात, मग मातीत काहीतरी शोधून काढतात.

पाच वाजता दारं धरायला न्या. कांद्याच्या किंवा गव्हाच्या सारीचं तोंड फावड्याने उघडायचं, पाणी शेवटापर्यंत पोचलं की मातीने बुजवायचं आणि पुढची सारी फोडायची. दहा वर्षांच्या मुलाला हे जमतं, चिखल होतो, आणि काम खरं असतं. चुकलं तर पाणी भलतीकडे जातं हे त्याला दिसतं. सगळं ठिबकवर असेल तर यासाठी दोन वाफे पाटपाण्याचे ठेवा. मात्र थ्री फेजची पाळी आधी बघा, नाहीतर कोरड्या पाटाशी उभे राहाल. जानेवारीत हरभऱ्याचे घाटे आणि तुरीच्या शेंगा तोडणंही चालतं. कडबाकुट्टीपाशी मात्र पाहुणा नको, मशीन बंद असलं तरी नको. विहिरीला कठडा नसेल तर कठडा होईपर्यंत मुलं असलेलं कुटुंब घेऊ नका.

बैलगाडी सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, एका वेळी सहा जण, किलोमीटरभर. लोक मागून चढतात आणि मागेच बसतात, गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि जोतं बैलांच्या गळ्याला आवळतं. बैल मग बिथरतात आणि लोक म्हणतात बैल मारके. पहिल्या दोघांना पुढे सरकवा, मुलं मध्ये. उतरताना मागचे आधी. गाडीवान जुवावरून हात काढणार नाही.

धार काढणं सगळ्यांना हवं असतं. सहा अनोळखी माणसं मोबाइल घेऊन भोवती उभी राहिली की गाय पान्हा चोरते. घाबरलेल्या जनावराचं दूध उतरत नाही आणि उरलेल्या दुधाने कासदाहाची भीती. म्हणून पाहुणे दहा हात लांब, शांत. धार संपत आली की गरीब गाईपाशी एकेका मुलाला दोन-तीन पिळे मारू द्या. धारोष्ण दूध कुणी मागितलं तरी उकळूनच द्या. गोठ्यात चारा तुम्ही ठरवलेलाच, एका टोपल्यात काढून ठेवलेला. पाहुणे हौसेने शिळी पोळी, भात घालतात, जनावराचं पोट बिघडतं. आणि खुडलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना फुटलेले कोवळे फुटवे त्यांच्या हाती लागू देऊ नका. त्या फुटव्यांनी किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि गाय तासाभरात आडवी होऊ शकते.

कागदपत्रांचं थोडक्यात: राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. सातबारा, ओळखपत्र, वीजबिल हाताशी ठेवा, आणि जेवण विकत देणार म्हणून अन्नपरवान्याची नोंदणी वेगळी करा. पाहुण्यांबरोबर अमेरिकेहून आलेला भाचा-पुतण्या असतो, मराठी बोलतो पण पासपोर्ट तिकडचा. त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. हे बऱ्याच जणांना पोलीस विचारायला आल्यावर कळतं.

पाहुणे रविवारी नाश्ता करून, जेवून दोनला निघतील असं धरा आणि त्यानंतर त्याच रात्रीचं बुकिंग घेऊ नका. बारा चादरी, बारा अभ्रे आणि चोवीस गोधड्या आहेत. चादरी धुवायच्या, गोधड्यांना ऊन दाखवायचं, आणि जानेवारीत ऊन पाचलाच उतरतं.